मदत हवी आहे : कडुनिंबाला किती लायटिंग लागेल?

लग्नाच्या मांडवासमोरच्या कडुनिंबावर एलईडी माळा गुंडाळायच्या आहेत. एक माळ ४० फुटांची. हिशेब तपासून द्या.

खोडाचा घेर खाली ५ फूट, वर ४, म्हणजे सरासरी साडेचार. नुसता बुडाचा घेर धरला की माळ उगाच जास्त निघते. उंची ८ फूट, दर ६ इंचांवर एक वेढा, म्हणून १६ वेढे. १६ × ४.५ = ७२ फूट.

खरी अडचण फांद्यांची. ६ फुटांच्या ५ फांद्या, सरासरी घेर दीड फूट. ६ इंचांवर गुंडाळत शेंड्यापर्यंत गेलं तर माळेचं टोक तिथंच लोंबकळतं, पुढच्या फांदीवर नेता येत नाही. म्हणून जाताना १ फुटावर वेढे अन् येताना मधल्या जागेत. तिरक्या वेढ्याला सुमारे १.८ फूट लागतात. ६ जाताना, ६ येताना, म्हणजे फांदीमागं २२ फूट. पाच फांद्यांचे ११०.

एकूण १८२, म्हणजे ५ माळा, उरतात १८ फूट. एवढ्यात फांदीवरून फांदीवर उड्या, गाठी भागतील का, की सहावी माळ घ्यावी? आणि पाचही माळा एकामागं एक जोडाव्यात, की खोडाची अन् फांद्यांची लाइन बोर्डापासूनच वेगळी काढावी?