मदत हवी आहे: प्लास्टरच्या आधी बोर्डाची उंची नक्की कुठून मोजायची?

पिरनवाडीकर:
नमस्कार मंडळी. पिरनवाडीला घर बांधूलालोय, तळमजलाच. स्लॅबमधले पाईप स्लॅब ओततानाच टाकलेत. सोमवारी आतलं प्लास्टर सुरू. काल वायरमनने खडूने बोर्डांच्या खुणा केल्या. संध्याकाळी टेप लावून बघितलं तर सगळी मापं आत्ता पायाखाली असलेल्या भरावापासून. वायरमन गोकाकचा, आमचं बोलणं अर्धं कन्नडात. मी 'नेल' म्हणालो ते फरशी म्हणून, त्याने धरली जमीन! कोबा ३ इंच, वर माल आणि टाइल मिळून २ इंच, म्हणजे ५ इंच वर येणार. ओट्यावरच्या बोर्डाचा खालचा काठ ४२ इंचांवर आखलाय. चालेल का?

दुसरं, स्वयंपाकघर आणि बेडरूममधली भिंत साडेचार इंची आहे. तिथे दोन्ही बाजूंना बोर्ड पाठीला पाठ लावून आखलेत. शिवाय बेडच्या पलीकडच्या बाजूला जायला वायरमन ६ फूट आडवी झिरी मारणार म्हणतो. गवंडी म्हणतो काय होत नाही.

निपाणीची_सून:
मीटर बाहेरच्या भिंतीवरच घ्या. आमचा जिन्याखाली होता, हेस्कॉमचा माणूस आला की दर महिन्याला दार उघडायला धावायचं.

पिरनवाडीकर:
वहिनी, मीटर बाहेरच आहे. मी आतल्या बोर्डांचं विचारतोय.

चिरेबंदी:
सोपं आहे. दाराच्या लिंटेलचा खालचा काठ फरशीपासून ७ फुटांवर धरलेला असतो. प्रत्येक खोलीत तिथून खाली मोजा, फरशीचा प्रश्नच मिटला.

तारकाका:
चिरेबंदी, विचार बरोबर, पण प्रत्येक लिंटेलवर विसंबू नका. वेगवेगळ्या दिवशी ओतलेल्या लिंटेलमध्ये अर्धा-पाऊण इंच सहज इकडेतिकडे होतो. एकाच मुख्य दारापाशी गवंड्याकडून तयार फरशीची पातळी नक्की करून घ्या. तिथून ३ फूट वर खूण करा आणि पाण्याच्या नळीने तीच रेघ सगळ्या खोल्यांत फिरवा. मग वायरमनला जमिनीकडे बघूच देऊ नका, सगळं रेघेपासून. बाथरूमची फरशी खाली असते, तिथेही हीच रेघ.

आता ओट्याचा हिशेब. ४२ मधून ५ गेले, राहिले ३७. ओटा तयार फरशीपासून ३४ इंच धरला तर बोर्ड ओट्याच्या फक्त ३ इंच वर. ओटा पुसताना पाणी थेट सॉकेटात. आणि त्या बोर्डाचा डबा प्लास्टरच्या ठिपक्याला नको, टाइलच्या तोंडाला लावायचा. नाहीतर डबा आत राहतो आणि प्लेटचे स्क्रू पोचत नाहीत.

पाठीला पाठ अजिबात नको. डबा २ इंच खोल, दोन्हीकडून ४ गेले की मध्ये अर्धा इंच वीट. छिन्नीचा एक घाव आणि आरपार. एक बोर्ड फूटभर सरकवा. आडवी झिरीही नको. साडेचार इंची भिंतीत आडवी झिरी पाऊण इंचापेक्षा खोल मारू नये, आणि तुमचा पाईपच १ इंची. उभी दीड इंचापर्यंत चालते.

पिरनवाडीकर:
काका, पण बेडच्या पलीकडे स्लॅबमधून पाईप उतरवलेलाच नाही. मग कसं जायचं?

तारकाका:
ज्या ५ इंचांनी घोळ केला तेच वापरा. अलीकडच्या बोर्डातून पाईप सरळ खाली, भरावावरून पलीकडे, परत उभा वर. कोब्याच्या आधी. वळणाला एल्बो नको, लांब बेंड घ्या, नाहीतर वायर ओढताना अडकते.

खानापूर_रोड:
तळमजल्यावर जमिनीतून? आमच्याकडे असंच केलं होतं. पावसाळ्यात बोर्डाखालचं प्लास्टर ओलं, पाईपमध्ये पाणी. दोन वर्षांनी वायर बदलावी लागली. मी तरी पलीकडचा बोर्ड सोडून दिला असता.

तारकाका:
सांधे सोल्यूशनने चिकटवले होते का नुसते ठोकले होते? बहुतेक वेळा तिथेच पाणी शिरतं. जाड पाईप घ्या आणि कोबा पडेपर्यंत वर फळी टाका, गवंड्याची घमेली त्यावरूनच जातात. तरी भिंतीला आधीच ओल येत असेल तर खानापूर_रोड म्हणतात ते ऐका.

पिरनवाडीकर:
चिकटवतोच. आज रेघ फिरवली. हॉल आणि स्वयंपाकघराच्या लिंटेलमध्ये खरंच पाऊण इंच फरक निघाला. पाठीला पाठ होते त्यातला बेडरूमकडचा बोर्ड सरकवला. पण तिथे दार उघडलं की बोर्ड दाराआड जातोय. दार उजव्या हाताचं करायला सुतार तयार आहे, फक्त चौकट बसलीय, बिजागरीच्या खाचा पाडल्यात. आणि स्वयंपाकघरची टाइल अजून निवडलेली नाही, डबा प्लास्टरच्या किती बाहेर ठेवू?

तारकाका:
माल आणि टाइल मिळून २० ते २५ मिलिमीटर लागतात. दुकानातून तुकडा आणा, मालाच्या जाडीसह भिंतीला लावून बघा. डब्यात कागदाचे बोळे कोंबा, प्लास्टर आत गेलं तर खरवडत बसाल. आणि प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो, टेप लावून. दाराचं मात्र बायकोला विचारा, रोज तीच उघडणार.

निपाणीची_सून:
आमच्या बेडरूमचा बोर्ड दाराआडच आहे. दार लावल्याशिवाय दिवा लागत नाही.