मदत हवी आहे: मिस्टरांच्या केमोसाठी तुटक रजेचा अर्ज

ताई-दादांनो, मी जळगावला सरकारी कार्यालयात लिपिक आहे. मिस्टरांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, ऑपरेशन झालं, आता मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलात दर 21 दिवसांनी केमो आहे. सलग रजा नकोय, दर वेळी चार दिवस हवेत: जायचा, रक्ततपासणीचा, सलाईनचा आणि परतीचा.

अडचण तारखांची आहे. आदल्या दिवशीच्या तपासणीत प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी कमी आल्या तर डॉक्टर डोस आठवडाभर पुढे ढकलतात, आणि मग पुढच्या सगळ्याच तारखा सरकतात. साहेब म्हणतात, "तारखा पक्क्या द्या." किरकोळ रजा वर्षाला आठच, शिवाय ती अर्जित रजेला जोडता येत नाही. म्हणून अर्जित रजाच तुकड्यांत मागतेय.

मी असं लिहिलंय: "सोबतच्या उपचारपत्रकातील तारखा संभाव्य आहेत. रक्ततपासणीनुसार बदल झाल्यास त्याच दिवशी कळवीन व परतल्यावर हॉस्पिटलचा कागद जोडीन. तेवढ्या दिवसांपुरती मंजूर रजा पुढे सरकवावी, ही विनंती."

सोबत कोणी का लागतं, हेही लिहू का? या औषधानंतर काही दिवस थंड पाण्याला हात लागला तरी त्यांना झिणझिण्या येतात, एकट्याने प्रवास झेपत नाही.

कोणी अशी रजा एकाच अर्जावर मंजूर करून घेतली आहे का? की दर डोसला वेगळा अर्ज द्यावा लागतो? सोमवारी अर्ज द्यायचाय, मजकूर कसा असावा ते कृपया सांगा.