हरिहरेश्वर: आधी समुद्र की आधी देऊळ?

निशा_ठाणे: शनिवारी सकाळी साडेनवापर्यंत आम्ही सात जण हरिहरेश्वरला पोचतोय, त्यात सासूबाई आणि दोन मुलं (९ आणि ६). प्लॅन असा की आल्या आल्या समुद्रात डुंबायचं, तसंच बारापर्यंत दर्शन, मग जेवण, आणि ऊन उतरलं की तीनला प्रदक्षिणा. नवरा म्हणतो ओल्या हाफपँटवर देवळात जाऊ नये. माझं म्हणणं, समुद्र देवळाच्या दारातच आहे, देवाला काय फरक पडतो? शनिवारी कृष्ण पंचमी आहे. तुमचं मत सांगा.

सागरवाट: तुमचंच बरोबर आहे. आपल्याकडे ओलेत्यानं पूजा करायची पद्धत पूर्वापार आहे, नवस फेडणारे ओलेत्यानंच प्रदक्षिणा घालतात, आणि कुणकेश्वरला महाशिवरात्रीच्या यात्रेत गावोगावच्या देवस्वाऱ्या समुद्रस्नानाला येतात की. समुद्र म्हणजे तीर्थच. मग पर्यटक ओल्या अंगानं आला की तेवढं कसं खटकतं? हे सगळं नंतर आलेलं शहरी सोवळं आहे.

गुरवाचा नातू: सागरवाट, अर्धंच सांगितलंत. ओलेतं म्हणजे आंघोळ करून, ओल्या धोतरानं किंवा लुगड्यानं, मनात देव धरून थेट देवाकडे जाणं. तासभर पाण्यात खेळून, वडापाव खाऊन, अंगाला वाळू चिकटलेली, त्याला ओलेतं नाही म्हणत हो. आणि समुद्रस्नान करणारा माणूस तीर्थ म्हणून पाण्यात जातो, बॉल घेऊन नाही जात.

दुसरं, हे कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. आमच्या घरी पिढ्यानपिढ्या देवळाची चाकरी आहे. खाऱ्या पाण्याचे ओले पाय सभामंडपात आले की लादी चिकट होते आणि वाळूनं घसरते. मागून येणारी म्हातारी माणसं तिथेच पडतात, मी स्वतः दोनदा हात देऊन उठवलंय. सकाळी लादी पुसलेली असते, दहा वाजेपर्यंत ती समुद्रकिनाऱ्यासारखी दिसते आणि मग आईच परत फडकं घेऊन बसते. म्हणजे प्रश्न देवाला काय वाटतं हा नाहीच, देवळात ज्यांचा वावर आहे त्यांचा आहे.

सागरवाट: लादीचं पटलं. पण मग बोर्ड लावा ना, "ओल्या कपड्यांनी येऊ नये" असा. माणूस बाहेरगावाहून येतो, त्याला कळणार कसं?

गुरवाचा नातू: बोर्ड असतात काही ठिकाणी, वाचतो कोण. पण बोर्ड नसला तरी दारात दोन मिनिटं उभं राहिलं की कळतं. गावातली माणसं कशी येतात बघायचं. पायरीला हात लावून कपाळाला लावतात, डोकं झाकणारी पदर घेते, कुणी मोठ्यानं बोलत नाही. तेवढं केलं की कुणाला काही सांगायची वेळच येत नाही.

किरण_देवगड: पुरुषांनी शर्ट काढायचा का नाही हाच प्रश्न आहे ना? दक्षिणेत काढावा लागतो, मी केरळला काढला होता. आमच्याकडे नाही काढत.

निशा_ठाणे: किरण, तो प्रश्न नव्हता, पण ठीक आहे. कपड्यांचं सांगा नीट. माझ्या मुलीचे गुडघ्यावरचे शॉर्ट्स चालतील का, सहा वर्षांची आहे.

गुरवाचा नातू: सहा वर्षांच्या मुलीला कोणी काही बोलत नाही, आणि बोललंच तर ते चुकीचं आहे. मोठ्यांनी खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत एवढं धरा. बॅगेत एक पातळ सुती ओढणी आणि एक लुंगी ठेवा, कुणाचं काही कमी पडलं तर गुंडाळता येतं, आणि समुद्रावर कपडे बदलायलाही तीच लुंगी आडोसा देते. गाभाऱ्यात जायचा आग्रह धरू नका. पण मला खरं सांगायचंय ते कपड्यांपेक्षा वेगळं आहे.

आमच्याकडच्या गावच्या देवळात कौल लागतो. मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात, आणि कुठल्या बाजूची कळी आधी पडते ते सगळं घर श्वास रोखून बघत असतं. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची जमीन, कुणाचं आजारपण. मे महिन्यात एका कुटुंबाचा कौल चालू होता, बाई रडत होती, आणि मागून एक पाहुणा फ्लॅश मारून व्हिडिओ काढत आत आला, "अरे हे काय चाललंय" म्हणाला. त्या बाईनं तोंडावर पदर घेतला. कळी खाली पडेपर्यंत दहा मिनिटं गेली आणि ती दहा मिनिटं तो बोलतच होता. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं. हाफपँट होती का फुलपँट, मला आठवतसुद्धा नाही.

मीठभाकर: आमचं उलट झालं. गणपतीपुळ्याला आईला घेऊन गेलो, सगळे नियम पाळले, फुल कपडे, चपला बाहेर. पण डोंगराची प्रदक्षिणा घातली दुपारी दीडला, अनवाणी, जवळजवळ एक किलोमीटर. फरशी तव्यासारखी तापलेली, आईच्या तळव्याला फोड आले आणि दोन दिवस चालता येईना. कोणी सांगितलं नाही आधी. तर निशाताई, सासूबाईंसाठी जाड सुती मोजे ठेवा. आणि दुपारी प्रदक्षिणा करूच नका, सकाळी सातला करा.

पायवाट_श्रीवर्धन: हरिहरेश्वरची प्रदक्षिणा आणि गणपतीपुळ्याची प्रदक्षिणा ह्यात मोठा फरक आहे, आणि निशाताईंच्या प्लॅनमधला धोका तिथेच आहे. हरिहरेश्वरला देवळामागून पायऱ्या चढून वर जायचं, मग कातळाच्या अरुंद खिंडीतून पायऱ्या उतरून थेट समुद्राच्या कातळावर यायचं, आणि कड्याला वळसा घालून परत किनाऱ्यावर. तो खालचा भाग ओहोटीतच मोकळा असतो. भरतीला लाट कड्याच्या पायथ्याला येऊन आपटते आणि माणूस कडा आणि पाणी ह्यांच्यात अडकतो. दरवर्षी सूचना देतात, तरी बाहेरगावची माणसं ओढली जातात.

आता तिथीवरून भरती काढायची जुनी रीत अशी: तिथीची पाऊणपट. शनिवारी पंचमी, म्हणजे पाचाची पाऊणपट पावणेचार. पहाटे पावणेचारला आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. तुम्ही तीनला उतरायचं म्हणताय, म्हणजे पाणी चढत असताना, दोन पोरं आणि सासूबाईंना घेऊन. कृपा करून ते करू नका. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी, म्हणजे साडेनऊ ते दहाच्या आसपास. खाली उतरायचं ते पाणी ओसरत असताना, साडेआठच्या सुमारास, म्हणजे पाणी वळायच्या आत तुम्ही पलीकडच्या किनाऱ्यावर. तुम्ही साडेनऊला पोचताय, त्यात गाडी लावणं, चहा, दर्शन. शनिवारी जमणार नाही, घाई करून तर अजिबात नको. मुक्काम असेल तर रविवारी षष्ठी, सहाची पाऊणपट साडेचार, ओहोटी सव्वादहाच्या पुढेमागे. नऊला देवळातून निघालात की आरामात होईल.

हा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून त्याच्या भरवशावर मिनिट काढू नका. आदल्या दिवशी किनाऱ्यावरच्या होडीवाल्याला किंवा कोळणीला विचारा, भरती-ओहोटीचं छापील टेबलही मिळतं. पौर्णिमा अमावस्येला उधाण, तेव्हा ओहोटी खूप खाली जाते आणि भरती खूप वर येते. पंचमी-षष्ठीपर्यंत उधाण उतरायला लागलेलं असतं, पण पाणी तरी पाणीच.

निशा_ठाणे: बापरे. हे आम्हाला माहीतच नव्हतं. पोचल्यावर डोळ्यांनी कसं ओळखायचं?

पायवाट_श्रीवर्धन: खिंडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून दहा मिनिटं नुसतं बघा. लहान लाटांकडे लक्ष देऊ नका, सगळ्यात मोठी लाट कुठवर येते ते बघा. कातळावरचं काळं, ओलं पट्टं कुठवर आहे, आणि तिथे कोरडं व्हायला लागलंय का परत भिजतंय? परत भिजत असेल तर पाणी चढतंय, मागे फिरा. डबकी एकमेकांना जोडायला लागली तरी तेच. पावसाळ्यात आणि वारा असताना तर हा हिशोबच सोडा, ओहोटीलासुद्धा लाट वर येते.

दर्शनाचा क्रम तेवढा लक्षात ठेवा, आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग परत काळभैरव. दुपारी नैवेद्याच्या वेळी थांबावं लागू शकतं, म्हणून आंघोळ करून कोरड्या कपड्यात सकाळीच जा. समुद्र नंतर. मग ओलं-कोरडं हा वादच राहत नाही.

सागरवाट: हे मान्य. क्रम उलटा केला की सगळं सुटतं. पण प्रदक्षिणेत चपला? मी तर कातळावर घालूनच जातो. शेवाळ आणि कालवं आहेत, अनवाणी पाय कापतो, त्यावर खारं पाणी लागलं की डोळ्यात पाणी येतं.

गुरवाचा नातू: प्रदक्षिणा ही पूजाच आहे. माझे आजोबा अनवाणीच जायचे आणि मी पण तसाच जातो.

पायवाट_श्रीवर्धन: आजोबांना प्रत्येक दगड माहीत होता, पाहुण्यांना नाही. माझ्या मते पायऱ्यांपर्यंत अनवाणी, आणि कातळावर उतरताना घट्ट पट्ट्याचे रबरी सँडल, हातात धरून न्यायचे आणि तिथे घालायचे. साध्या स्लीपर मात्र नकोत, ओल्या शेवाळावर त्या निसटतात आणि हात टेकायला जागा नसते.

गुरवाचा नातू: मला अजून पटत नाही. पण सहा वर्षांच्या मुलीला अनवाणी ने असं मी म्हणणार नाही.

निशा_ठाणे: ठरलं, एक रात्र वाढवतोय. शनिवारी अकरापर्यंत दर्शन, दुपारी आराम, संध्याकाळी वाळूवर, फार आत न जाता. रविवारी साडेआठला देवळात, नऊला निघू. सासूबाई वरच्या पायरीपर्यंतच, नवरा त्यांच्यासोबत वर थांबेल. चपलांचं तिथल्या माणसाला विचारते.