अनुभव सांगा: लग्नातला गजरा, अत्तर आणि मुहूर्ताची वेळ

पुतणीचं लग्न वैशाखात आहे. मुहूर्त सकाळी अकराचा, स्वागत समारंभ संध्याकाळी सातला. दोन्ही वेळेला मोगऱ्याचेच गजरे आणि दारात गुलाबपाणी-अत्तर, असं घरात ठरलंय. मी बऱ्याच लग्नांत पाहिलंय की सकाळच्या मोगऱ्याला वासच नसतो, नाहीतर तो काळवंडलेला असतो. तुम्ही कोणत्या वेळेला काय वापरलंत आणि ते कितपत टिकलं, ते सविस्तर लिहा.

मोगरावेडी
मोगरा संध्याकाळी उमलतो आणि रात्री दरवळतो, हे धरूनच सगळं ठरवावं लागतं. दुपारी घट्ट कळ्यांचे गजरे घेतले की सातच्या समारंभाला ते ऐन भरात येतात. सकाळी अकराला मात्र तुमच्या हातात दोनच गोष्टी असतात. आदल्या रात्री उमललेला मोगरा, ज्याच्या पाकळ्यांच्या कडा तपकिरी झालेल्या असतात. किंवा त्या दिवशीची कळी, जी अजून बंद आहे आणि म्हणून तिला वास नाही. बहिणीच्या लग्नात आम्ही सकाळसाठी सोनचाफा घेतला. वसईकडचा चाफा पहाटे तोडून लगेच दादरच्या फुलबाजारात येतो, त्यामुळे सकाळी तो ताजा आणि घमघमीत असतो. फक्त हाताळू नका. बोट दाबलं तिथे पाकळीवर डाग उमटतो. वेणीत तीन-चार फुलं पुरतात, आणि ती नवरी खुर्चीत बसल्यावर अगदी शेवटी माळायची.

नाशिकची मावशी
एवढं कशाला? रात्री गजऱ्यावर पाणी शिंपडून पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवायचा, सकाळी टवटवीत. आमच्याकडे नेहमी असंच करतात.

मोगरावेडी
मावशी, थंडाव्याने कळी उशिरा उमलते, हे खरं आहे. पण थेंब साचले की पाकळीवर काळे ठिपके पडतात. ओलसर फडक्यात सैल गुंडाळून खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या खणाजवळ नको. तरीही बाहेर काढल्यावर वास निम्माच येतो. फोटोपुरता ठीक आहे, सुवासासाठी नाही.

अत्तराच्या दुकानात वाढलेला
अत्तराबद्दल मी सांगतो. वैशाखात हिना लावू नका. हिना, शमामा, कस्तुरी ही उबदार अत्तरं थंडीतली. मांडवातल्या उकाड्यात त्यांनी डोकं जड होतं. उन्हाळ्यात खस, गुलाब, केवडा. सकाळी दारात खस लावा, कारण त्याचा वास थंड, मातकट असतो आणि सोनचाफ्याच्या गोडव्याशी भांडत नाही. गजरा मोगऱ्याचा असेल तर अत्तर मोगऱ्याचं नको. खऱ्या फुलाशेजारी कुपीतला मोगरा उघडा पडतो.

लावायचं मनगटामागे, अत्तरदाणीच्या काडीने टेकवल्यापुरतं. उकाड्यात तेलाचा वास लवकर उसळतो, म्हणून थंडीत लावता त्याच्या निम्मं पुरे. कनौजला फुलांची वाफ चंदनतेलात मुरवून जे अत्तर करतात, ते महाग असतं. घरच्यांसाठी तसं थोडं घ्या. शेकडो पाहुण्यांना ते परवडत नाही, तिथे साध्या तेलातलं चालतं. ओळखायचं असेल तर मनगटावर लावून दुकानातून बाहेर पडा आणि तासाभराने पुन्हा हुंगा. चंदनावरचं अत्तर हळूहळू बदलत जातं, नकली बहुतेकदा एकसुरी राहतं किंवा नुसता तेलकट वास उरतो. पैठणीवर थेंब पडू देऊ नका. रेशमावरचा तो डाग सहसा जात नाही.

दिवाळीप्रेमी
आमच्याकडे पहिल्या अंघोळीला उटण्यात कापूरकाचरी आणि नागरमोथा घालतात, त्याला तोड नाही. लग्नातही घाणा भरण्याच्या दिवशी तेच उटणं काढावं असं मला वाटतं.

कोकणातली सून
लग्न चैत्रात असतं तर सुरंगीच्या वळेसराचं नाव घेतलं असतं. तिच्या कळ्या पहाटे, उमलायच्या आत काढतात आणि सुकल्यावरही वास राहतो. सकाळच्या मुहूर्ताला याहून चांगलं काही नाही, पण वैशाखात सुरंगी मिळणं अवघड.

आईची लेक
मला वेगळं सांगायचंय. बाबा गेल्यावर एका हळदीकुंकवात अत्तरदाणी आईला वगळून पुढे गेली. माझ्या लग्नात मी दारात उभ्या असलेल्या मुलींना सांगितलं होतं की येणाऱ्या प्रत्येकीला गजरा आणि अत्तर द्यायचं, कोणालाही वगळायचं नाही. काही वयस्कर बायका कुरकुरल्या. आईने सोनचाफा माळला. हे आधी सांगून ठेवावं लागतं, ऐन वेळी मुली गोंधळतात.

अत्तराच्या दुकानात वाढलेला
ताई, योग्य केलंत. एक भर घालतो: दम्याचा किंवा अर्धशिशीचा त्रास असलेले लोक येतात, म्हणून हात पुढे केला तरच लावायचं. गुलाबदाणीतून अंगावर शिंपडण्याआधीही विचारा.

धागाकर्ती
मग सकाळी सोनचाफा आणि खस, संध्याकाळी मोगरा आणि गुलाब. जाऊबाई अजून सकाळच्या मोगऱ्यावर ठाम आहेत. कोणी फ्रीजमधला गजरा प्रत्यक्ष वापरला असेल, तर दुपारी जेवणाच्या पंगतीपर्यंत तो कसा दिसत होता ते सांगा, म्हणजे त्यांना दाखवता येईल.