'फोटो हलला' म्हणजे नेमकं काय हललं?

मृण्मयी
फोन आणि कॅमेऱ्यासाठीच्या एका छोट्या मार्गदर्शिकेचं भाषांतर करतेय. स्टँड न वापरता, नुसत्या हातात धरून काढलेले फोटो शार्प कसे यावेत, एवढाच तिचा विषय. एका वाक्यापाशी गाडी अडली आहे. मूळ अर्थ असा की हाताची थरथर सावरणाऱ्या स्टॅबिलायझेशनमुळे मोशन ब्लर, म्हणजे समोरचं हलल्याने येणारा दोष, जात नाही. मी लिहिलं, 'स्थिरीकरण असलं तरी फोटो हलायचा तो हलतोच.' तपासणाऱ्या बाईंनी समासात विचारलं, 'मग ते असतं कशासाठी?' त्यांचं बरोबरच आहे. दोन पानं आधी कॅमेरा शेकला, म्हणजे हातातला कॅमेरा हलण्यालाही मी 'फोटो हलणे' म्हटलंय आणि तिथे स्थिरीकरणाने तो हलत नाही असं लिहिलंय. आपण दोन्हींना 'फोटो हलला' म्हणतो. हे वेगळे कसे करायचे? 'धूसर' आणि 'अस्पष्ट' फोकस चुकण्यासाठी आधीच वापरून झालेत.

विनायक
मराठीत नेमके शब्द घडवता येतात, घडवायची तयारी हवी. कॅमेरा शेकला 'कंपनधूसरता', मोशन ब्लरला 'गतिधूसरता'. 'धूसर' हा धुरापासून आलेला शब्द आहे, तेव्हा तो फोकससाठी राखून ठेवायचं कारण नाही.

सुलभा
विनायकराव, 'धूसर' धुरापासून नाही. संस्कृतात धूसर म्हणजे धुळीच्या रंगाचा, करडा. त्यात हालचाल कुठेच नाही, म्हणून फोटो हलण्याला तो मला पटत नाही. त्यापेक्षा 'पुसट' घ्या. ओल्या शाईवरून बोट फिरलं की अक्षर जसं एका बाजूला ओढलं जातं, तसंच हललेल्या फोटोत होतं. पुसट म्हणजे पुसलेलं, आणि पुसण्याला दिशा असते.

अरविंद
सुलभाताई, दिशेचा मुद्दा तुम्ही अगदी बरोबर पकडलात. शब्द ठरवण्याआधी फोटोत काय दिसतं ते पाहू या. माझ्या आईचे सुईत दोरा ओवतानाचे तीन फोटो माझ्यापुढे आहेत. एकच दिवा, एकच खुर्ची, तिन्ही फोटो बिघडलेले, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

पहिल्यात चष्म्याच्या काचेवर दिव्याची जी टिकली चमकायला हवी, तिचा छोटा तिरका फराटा झालाय. सुईच्या टोकावर तसाच फराटा आणि मागच्या भिंतीवरच्या चौकटीच्या खिळ्यावरही तसाच, त्याच दिशेचा. सगळं एकसारखं ओढलं गेलंय म्हणजे माझा हात हलला.

दुसऱ्यात चष्मा आणि भिंतीवरची चौकट स्वच्छ आहे. फक्त आईची बोटं आणि दोरा ओढल्यासारखे दिसतात. इथे कॅमेरा जागेवर होता, आई हलली.

तिसऱ्यात कुठेच फराटा नाही. चष्मा नुसता मऊ आहे, चमक पसरून गोल झालीय, आणि तिच्या मागची खुर्चीची पाठ मात्र लखलखीत आहे. हा फोकस चुकला.

स्थिरीकरण यातला फक्त पहिला फोटो वाचवतं. म्हणून मृण्मयी, 'फोटो' हा कर्ताच काढून टाक. 'हात हलला' आणि 'माणूस हललं' असं लिही.

निलेश
काका, फोटो खराब आला एवढंच लोकांना कळतं. 'हलला' चालू शब्द आहे, तो मोडू नका. सोपा उपाय द्या ना. छातीभर श्वास घ्यायचा, रोखून धरायचा, बटण दाबायचं. शटर स्पीड वाढवायचा. झालं.

मृण्मयी
निलेश, श्वासाचं वाक्यही मी तसंच केलंय, 'श्वास रोखून धरा'. मूळात मात्र श्वास सोडून थांबा असं आहे. दोन्हींत फार फरक पडतो का?

सुलभा
पडतो, आणि इथे आपल्याकडे शब्द तयार आहेत. श्वास आत घेऊन थांबणं हा अंतर्कुंभक, बाहेर सोडून थांबणं हा बाह्यकुंभक. 'रोखून धरा' म्हटलं की वाचणारा आधी फुगा भरून घेतो. भरलेली छाती ताणलेली असते, खांदे वर चढतात, आणि चेहऱ्याशी धरलेल्या कॅमेऱ्यात हृदयाचा ठोकासुद्धा जाणवायला लागतो. सहज श्वास सोडला की पुढचा घेण्याआधी आपोआप एक विसावा येतो. बटण दाबायचं ते त्या विसाव्यात.

विनायक
पाहा, शेवटी संस्कृतच कामाला आलं. 'बाह्यकुंभकात कळ दाबावी.'

सुलभा
नाही हो, मी शब्द आहे म्हटलं, छापा म्हटलं नाही. योग न केलेल्या वाचकाला तो बंद दरवाजाच. 'श्वास सोडा, पुढचा घेण्याआधी कळ दाबा' एवढं पुरे. शिवाय फार थांबू नये हेही लिहा. हवेसाठी जीव घाबरा झाला की हात पुन्हा हलायला लागतो.

वासंती
मी कधीतरीच लिहिते इथे. माझा हात अलीकडे कापतो. नातवंडांचे फोटो फोनवर काढते, ते सगळे अरविंदभाऊंच्या पहिल्या फोटोसारखे येतात. मला कोणता शब्द लागू होतो?

निलेश
काकू, हाताची जखम आधी बरी होऊ द्या, मग काढा.

सुलभा
निलेश, त्यांना कापलेलं नाही, हात थरथरतो म्हणताहेत त्या. हा 'कापणे' कंप पावण्यातला आहे, 'कापरं भरणे' आहे ना, तोच. सुरीने कापतात तो वेगळा. रूप तेवढं एक झालंय.

निलेश
माफ करा काकू. आमच्याकडे थरथरतो म्हणतात, म्हणून लक्षात आलं नाही.

अरविंद
वासंतीताई, एका हाताने फोन लांब धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने पडद्यावर टोचत असाल तर आधी ते बदला. फोन दोन्ही हातांत धरा, दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवा, एक पाय जरा पुढे ठेवा. भिंत किंवा दाराची चौकट जवळ असेल तर खांदा तिला टेकवा. टेबलाशी बसला असाल तर कोपरं टेबलावर ठेवा. पडद्यावर बोट आपटलं की फोन त्याच क्षणी झुकतो, म्हणून आवाजाच्या बटणाने फोटो काढा, बहुतेक फोनवर तशी सोय असते. नाहीतर २ सेकंदांचा टायमर लावा. नातवंडं पळती असतील तर टायमर कामाचा नाही. मग तुमच्या फोनवर ओळीने फोटो काढायची जी सोय असेल तिने चारपाच फोटो काढा. दाबतानाचा धक्का पहिल्यात जातो, सोडतानाचा शेवटच्यात, मधला एखादा बहुधा चांगला निघतो.

आता मृण्मयीसाठी शटरचं. निलेशचं 'शटर स्पीड वाढवा' ऐकून माझ्या ओळखीच्या एका मुलाने १/३० चं १/१५ केलं होतं. त्याच्या मते सेकंद वाढले म्हणजे स्पीड वाढला. खरं तर ती वेळ आहे आणि आपण तिला वेग म्हणतो, तिथेच घोटाळा होतो.

विनायक
म्हणून तर जुन्या लेखनात 'उद्भासनकाल' आहे. काल म्हटलं की कमी-जास्त कोणाला म्हणायचं याबद्दल संशय राहत नाही.

निलेश
पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर उद्भासनकाल कुठेच दिसणार नाही. ज्याला बटण शोधायचंय त्याने काय करायचं?

मृण्मयी
मी 'शटर १/१०० ठेवा' असं सरळ आकड्यानेच लिहिते. वाढवा-कमी करा टाळते. हातात धरून काढताना शटर किती ठेवायचं, तो ठोकताळा तेवढा कोणी सोप्या भाषेत सांगेल का?

अरविंद
लेन्सचा मिमीतला आकडा एकाखाली मांडायचा. ५० मिमीची लेन्स असेल तर १/५० सेकंद किंवा त्याहून जलद, २०० असेल तर १/२००. लेन्स जितकं जवळ आणते तितकी हाताची थरथरही मोठी करते, एवढंच त्यामागचं कारण. कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर लहान असेल तर आकडा आधी दीडपट करायचा, म्हणजे ५० च्या लेन्सला साधारण १/८०. फोनचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या हिशेबात २४ ते २६ मिमीच्या आसपास असतो, म्हणून १/२५ ला निभतं. तोच फोन तिप्पट झूमवर गेला की ७५ झाले, तिथे १/८० लागतं. वासंतीताई, तुम्ही झूम न करता दोन पावलं पुढे गेलात तर हाताचं निम्मं काम हलकं होईल.

हा ठोकताळा छोट्या प्रिंटच्या जमान्यातला. आजचा फोटो पडद्यावर पूर्ण मोठा करून पाहणार असाल तर आकडा दुप्पट धरावा.

स्थिरीकरणाची मर्यादाही याच हिशेबात दिसते. १०० मिमीला १/१०० लागतं. ५ स्टॉपचं स्थिरीकरण म्हणजे ही वेळ पाच वेळा दुप्पट करता येते, १/५०, १/२५, १/१३, १/६ आणि शेवटी १/३. कागदावर १/३ सेकंद हातात धरता येतो. माझी भिंत आणि चौकट येईल, पण आईची बोटं १/३ सेकंदात कुठच्या कुठे जातात. नुसत्या बसून बोलणाऱ्या माणसालाही १/६० ते १/१२५ लागतं, पळत्या मुलाला १/५०० पर्यंत जावं लागतं. तिथे स्थिरीकरणाचा संबंधच संपतो. उजेड वाढवा किंवा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता वाढवा.

मृण्मयी
फोनच्या नाइट मोडमध्ये ३ सेकंद दिसतात आणि तरी फोटो हलत नाही, हे याच्यात कसं बसवायचं?

अरविंद
तो एक ३ सेकंदांचा फोटो नसतो. बरेच छोटे फोटो घेऊन फोन ते एकावर एक बसवतो, म्हणून हाताची थरथर निघून जाते. पण मधे आईने हात हलवला तर कुठला हात खरा हे त्यालाही कळत नाही. कधी बोट पारदर्शक होतं, कधी दोन दिसतात. याला मात्र ना 'फराटा' चालेल ना 'पुसट'.

सुलभा
मग पहिल्याला 'फराटा' घ्या की. अरविंदनी सहज लिहिला आणि चित्र डोळ्यांपुढे आलं. 'हात हलून फराटे आले.'

विनायक
फराटा लेखणीचा किंवा कुंचल्याचा. माणूस मुद्दाम ओढतो. अपघाताला तो शब्द देणं मला मान्य नाही.

अरविंद
माझं आधीचं एक वाक्य दुरुस्त करतो. सगळे फराटे एकाच दिशेला असतात, असं नेहमी होत नाही. बटण दाबताना कॅमेरा चाकासारखा किंचित फिरला तर मध्य स्वच्छ राहतो आणि कडांना वाकडे फराटे दिसतात. नुसतं लेन्समधलं स्थिरीकरण ही गिरकी आवरू शकत नाही, त्यासाठी सेन्सर फिरवणारं लागतं. मध्य चांगला पाहून 'फोकस बरोबर, लेन्सच कडेला वाईट' असं मी कितीतरी दिवस समजत होतो.

मृण्मयी
वाक्य आता असं केलंय: 'स्थिरीकरण तुमचा हात सांभाळतं, समोरच्याची हालचाल थांबवत नाही.' मोशन ब्लरला नाव अजून नाहीच. गिरकीसाठी वेगळं वाक्य लागेल.

विनायक
नाव न देता वाक्य फिरवणं म्हणजे प्रश्न टाळणं. गतिधूसरता अजून विचारात घ्या.

वासंती
दाराच्या चौकटीला टेकून, श्वास सोडून, आवाजाच्या बटणाने आज सहा फोटो काढले. चौथ्यात नातीच्या पापण्या मोजता येतात. पाचव्यात फक्त तिचा हात गेलाय, तो अरविंदभाऊंचा दुसरा प्रकार. तिला मी 'हलू नकोस' म्हटलं होतं, तेव्हा या प्रकाराला आमच्या घरी 'ती हलली' म्हणतात.