मदत हवी आहे: एकाआड एक शनिवार चालू असताना महिन्याचे करारातील तास कसे काढावेत?

जालनेकर_लेखा
जालन्यातील एका बियाणे वितरकाच्या कार्यालयात मी पगारपत्रकाचे काम पाहते. सोमवार ते शुक्रवार साडेनऊ ते सहा अशी वेळ असून जेवणाचा अर्धा तास वजा जाता रोजचे आठ तास भरतात. शनिवारी दहा ते दोन काम असते, मात्र एका शनिवारी काम असले की पुढच्या शनिवारी सुट्टी मिळते. नेमणूकपत्रात केवळ "महिन्याला १८२ तास" असे लिहिले आहे. ऑगस्ट २०२६ चा तक्ता आगाऊ मांडताना १, १५ आणि २९ तारखेचे शनिवार चालू धरले, त्यांपैकी १५ ऑगस्टची सुट्टी वजा केली, तेव्हा १७६ तासच आले. साहेबांचे म्हणणे असे की प्रत्येकाचे सहा तास कमी भरत असल्याने ते सप्टेंबरमध्ये भरून घ्यावेत. हे बरोबर आहे का?

परभणीचा_पांडुरंग
यात अवघड काही नाही. दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा, बाकीचे चालू, असे धरा. ऑगस्टमध्ये पाच शनिवार आहेत, म्हणजे तीन चालू. तुमचा आकडा बरोबर आहे. दर महिन्याला हाच नियम लावत जा.

हिशेबनीस
पांडुरंगरावांचा नियम ऑगस्टला जुळतो, पण सप्टेंबरमध्ये फसतो. २९ ऑगस्टला काम झाल्यावर ५ सप्टेंबरला सुट्टी आली पाहिजे, म्हणून एकाआड एक या हिशेबाने सप्टेंबरचे चालू शनिवार १२ आणि २६ हे ठरतात, म्हणजे नेमके दुसरा आणि चौथा. "दुसरा-चौथा सुट्टी" असा नियम लावला तर २९ ऑगस्ट आणि ५ सप्टेंबर असे लागोपाठ दोन शनिवार कामाचे होतात. पाच शनिवारांचा महिना आला की दोन्ही पद्धती अशा वेगळ्या होतात. त्यामुळे कार्यालयात नेमकी कोणती पद्धत चालते हे आधी लेखी ठरवून घ्यावे.

आता १८२ कुठून आले ते पाहू. एका आठवड्याला ४४ आणि दुसऱ्याला ४० तास, म्हणजे सरासरी ४२; त्याला ५२ ने गुणून १२ ने भागले की बरोबर १८२ येतात. हा वर्षाचा सरासरी आकडा आहे, कोणत्याही एका महिन्याचा नव्हे. ऑगस्टमध्ये सोमवार ते शुक्रवारचे २१ दिवस येतात, त्यांचे १६८ तास; तीन शनिवारांचे १२; एकूण १८०. पंधरा ऑगस्टची सुट्टी भरपगारी असेल तर ते चार तास करारातून वजा होत नाहीत, ते हजेरीत जमा धरायचे असतात. म्हणून करारातील तास १८०, प्रत्यक्ष भरायचे १७६, आणि कमी कोणाचेच नाहीत. राहिलेला दोन तासांचा फरक कॅलेंडरचा आहे, माणसांचा नाही.

A2 मध्ये महिन्याची पहिली तारीख आणि F1 मध्ये कोणत्याही एका चालू शनिवारची तारीख टाकून हे सूत्र वापरा:

```
=NETWORKDAYS.INTL(A2,EOMONTH(A2,0),1)*8
+(INT((EOMONTH(A2,0)-$F$1)/14)-INT((A2-1-$F$1)/14))*4
```

सूत्रात सुट्ट्यांची यादी मुद्दाम दिलेली नाही. ती दिली तर सुट्ट्या वजा होऊन करारातील तासच घटतात.

गोदाकाठ_नांदेड
बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी १ सप्टेंबर २०१५ पासून आहे आणि राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. मग तुमच्या कार्यालयाने शनिवारी काम ठेवलेच कशाला? आमच्या पतसंस्थेतही हाच वाद चालू आहे.

जालनेकर_लेखा
गोदाकाठ, शनिवार असावा की नसावा हे माझ्या हातात नाही, मला फक्त तास मोजायचे आहेत. हिशेबनीस, सूत्राने ऑगस्टचे १८० आणि सप्टेंबरचे १८४ आले, धन्यवाद. दोन शंका राहतात. खरिपाच्या हंगामात गर्दी असली की सुट्टीचा शनिवार चालू ठेवतात आणि त्याबदली नंतरचा चालू शनिवार सुट्टीचा करतात, तेव्हा सूत्राचे काय? शिवाय बिनपगारी रजा कापताना पगाराला १८२ ने भागायचे की त्या महिन्याच्या १८० ने?

हिशेबनीस
अदलाबदल तेवढ्यापुरती असेल आणि मूळचा पाळीक्रम पुढे तसाच राहत असेल, तर F1 बदलू नका. दोन्ही शनिवार एकाच महिन्यात असतील तर महिन्याची बेरीज बदलतच नाही. एक जूनमध्ये आणि दुसरा जुलैमध्ये गेला तर जूनला चार तास वाढवा आणि जुलैचे चार कमी करा. असे वारंवार होत असेल तर सूत्राचा नाद सोडून चालू शनिवारांच्या तारखांची यादी वेगळ्या स्तंभात ठेवावी आणि महिन्यागणिक मोजावी, ते अधिक भरवशाचे पडते.

भागाकाराचे उत्तर मात्र तुमच्या नेमणूकपत्राच्या शब्दांवर अवलंबून आहे. १८२ ने भागले तर तासाचा दर बारा महिने एकच राहतो, पण ऑगस्टमध्ये पूर्ण महिना गैरहजर असलेल्याचा पगार १८० तासांचाच कापला जाऊन दोन तासांचा पगार हाती उरतो. महिन्याच्या तासांनी भागले तर हा घोळ होत नाही, पण दर दरमहा बदलतो.

परभणीचा_पांडुरंग
मी तरी १८२ च धरीन. दरमहा बदलणारा दर कर्मचाऱ्यांना समजावून सांगता सांगता नाकी नऊ येतात.

जालनेकर_लेखा
पत्रात भागाकाराबद्दल एक शब्दही नाही. साहेबांकडून लेखी घ्यावे लागेल. तोवर ऑगस्टच्या तक्त्यात १८० ठेवते आणि रजेचा स्तंभ रिकामा सोडते.