मदत हवी आहे: मॅट्रिक्सचा क्रम चुकतोय का?

नमस्कार मंडळी, मी रत्नागिरीत बीएस्सी फिजिक्सला आहे. दोन बहिर्गोल भिंगं, पहिलं १०० मिमी फोकल लेंथचं आणि दुसरं ५० चं, मध्ये ८० मिमी अंतर. खाडीपलीकडच्या माडांची प्रतिमा कागदावर घेतली तर ती दुसऱ्या भिंगाच्या मागे साधारण १४ मिमीवर स्वच्छ येते, पण मॅट्रिक्सने −४२.९ येतंय, म्हणजे कागदावर काही यायलाच नको!

मी किरण जातो त्याच क्रमाने डावीकडून लिहिलं:

```
L1 · T · L2
A=-0.6  B=80  C=-0.014  D=0.2
-A/C = -42.9
```

डिटरमिनंट १ आला, −1/C म्हणजे सिस्टिमची फोकल लेंथही ७१.४, म्हणून मी निवांत होतो. मग वैतागून उलटं L2·T·L1 केलं तर A आणि D ची अदलाबदल झाली, बाकी सगळं तेच, आणि उत्तर १४.३!

मग किरणाला आधी भेटणारं भिंग सगळ्यात उजवीकडे लिहायचं, कारण किरणाचा कॉलम उजवीकडे असतो, हेच ना? आणि डिटरमिनंट ही चूक पकडतच नसेल तर तीन-चार भिंगांना तुम्ही चेक कसं करता?